मुल्कीच्या वेंकटरमण मंदिराचा दावा : शास्त्र मान्य करूनही दार उघडले ते कसे

मंगळूरच्या उत्तरेला किनाऱ्यालगत मुल्की नावाचे गाव आहे. तेथील श्री वेंकटरमणाचे मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे. गोमंतकातून दक्षिणेकडे सरकलेल्या सारस्वत कुटुंबांपैकी काही येथे स्थिरावली आणि त्यांच्यासाठी हे देवस्थान उभे राहिले. या मंदिराच्या विश्वस्तांनी १९४९ साली एक दिवाणी दावा दाखल केला. तो दक्षिण कानडा जिल्ह्यातील न्यायालयातून मद्रास उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ८ नोव्हेंबर १९५७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचा निकाल दिला. मंदिरप्रवेशाच्या चळवळीचा विषय निघाला की आपल्याकडे नाशिकचे काळाराम मंदिर आणि पंढरपूर यांची आठवण आधी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु मंदिर सर्व जातींना खुले करण्यामागचा कायद्याचा युक्तिवाद आणि धर्माचा युक्तिवाद एकमेकांसमोर इतक्या उघडपणे उभे राहिल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही, म्हणून येथे मुल्कीचेच प्रकरण घेतले आहे.

दाव्याकडे वळण्यापूर्वी एका जुन्या अडचणीकडे पाहावे लागते, कारण तिच्यामुळेच पुढचे सारे कायदे करावे लागले. तामिळ प्रदेशातील कामुदी येथील मंदिरात १८९७ साली नाडर समाजाच्या लोकांनी प्रवेश केला. त्या काळी त्यांना शाणार म्हणत आणि वहिवाटीने त्यांना मंदिरात येण्यास मनाई होती. रामनाडच्या राजाने दावा लावला आणि प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने नाडरांच्या विरुद्ध निर्णय दिला. मधल्या काळात राजाने नाडरांशी तडजोड करण्याची तयारी दाखवली होती, परंतु त्या तडजोडीचाही उपयोग झाला नाही. विश्वस्त हा वहिवाटीने बांधलेला असतो आणि ज्यांना परंपरेने प्रवेश नाही त्यांना आत घेणारा विश्वस्त आपल्या कर्तव्याचा भंग करतो, अशी न्यायालयाची भूमिका होती.

या निकालाचा परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. एखाद्या मंदिराच्या विश्वस्ताचे मनःपरिवर्तन झाले, त्याने स्वतः होऊन दार उघडायचे ठरवले, तरी गावातला कोणीही एक भक्त न्यायालयात जाऊन त्याला अडवू शकत होता. सत्याग्रह विश्वस्तांच्या दारात होत असे, पण कुलपाची किल्ली खरे पाहता विश्वस्तांच्याही हातात नव्हती. ती वहिवाटीच्या हातात होती आणि वहिवाटीच्या पाठीशी इंग्रजांचे न्यायालय उभे होते. म्हणूनच १९३९ च्या जुलै महिन्यात मदुरेच्या मीनाक्षी मंदिरात ए. वैद्यनाथ अय्यर यांच्या पुढाकाराने दलित आणि नाडर भक्तांनी प्रवेश केला, तेव्हा राजगोपालाचारींच्या सरकारला घाईने कायदा करून मंदिर उघडणाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण द्यावे लागले. त्रावणकोरमध्ये १९३६ साली महाराजांच्या एका घोषणेने हे काम झाले होते, कारण तेथील मंदिरे संस्थानच्या ताब्यात होती. ब्रिटिश मुलखात मात्र एकेका मंदिरामागे वेगळा विश्वस्त आणि वेगळी वहिवाट होती, त्यामुळे कायद्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

मद्रास प्रांताने १९४७ साली मंदिरप्रवेशाचा जो व्यापक कायदा केला, त्यातून मुल्कीचा वाद जन्माला आला. रूढीमुळे ज्या हिंदूंना मंदिरात येता येत नव्हते त्यांच्यावरील बंदी उठवणे हा त्या कायद्याचा हेतू होता. ‘मंदिर’ या शब्दाची त्यातली व्याख्या साधारण अशी होती : सर्वसाधारण हिंदू समाजासाठी अर्पण केलेले, किंवा त्या समाजाने हक्काने वापरलेले सार्वजनिक पूजास्थान. मुल्कीच्या विश्वस्तांनी सरकारला कळवले की आमचे मंदिर खाजगी आहे, ते केवळ गौड सारस्वतांचे आहे, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. जून १९४८ मध्ये सरकारने हे म्हणणे फेटाळले आणि कायदा लागू असल्याचा हुकूम काढला. आपले मंदिर या व्याख्येत बसत नाही असे न्यायालयाने जाहीर करावे, एवढ्यासाठी विश्वस्तांनी दावा लावला.

दावा चालू असतानाच त्यांच्या पायाखालची जमीन दोनदा सरकली. पहिल्यांदा विधिमंडळाने १९४९ साली व्याख्या दुरुस्त करून हिंदू समाजाच्या ‘कोणत्याही गटासाठी’ असलेली मंदिरेही तिच्यात आणली. विश्वस्तांचा मूळ मुद्दाच असा होता की मंदिर सगळ्या हिंदूंचे नसून एका गटाचे आहे. आता एका गटाचे असले तरी कायदा लागू होणार होता. दुसऱ्यांदा, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली, आणि यावेळी सरकलेली जमीन त्यांच्या उपयोगाची ठरली. अनुच्छेद २६ ने प्रत्येक धार्मिक संप्रदायाला धर्मविषयक बाबींमध्ये आपला कारभार आपण पाहण्याचा मूलभूत हक्क दिला. विश्वस्तांनी दाव्यात नवा मुद्दा घातला : आम्ही एक संप्रदाय आहोत, आमच्या मंदिरात कोणी यावे हा धर्माचा प्रश्न आहे, आणि त्यात हात घालणारा कायदा घटनाबाह्य आहे. एका मंदिराच्या वहिवाटीचा दावा अशा रीतीने घटनेच्या अर्थाचा दावा झाला.

‘खाजगी मंदिर’ हा मुद्दा फार टिकण्यासारखा नव्हताच. या मंदिराचा कारभार १९१५ साली दाखल झालेल्या एका दाव्यातून आखल्या गेलेल्या योजनेनुसार चालत असे, आणि ती योजना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खालची होती. हे कलम सार्वजनिक न्यासांपुरतेच आहे. एखाद्या घराण्याचे देवघर आणि एका समाजाचे देवालय यांत कायदा फरक करतो. हजारो सारस्वतांसाठी असलेले मंदिर एका समाजापुरते असूनही सार्वजनिकच राहते. पुढे सर्वोच्च न्यायालयात खरा वाद या ‘सार्वजनिक परंतु एका संप्रदायाचे’ अशा मंदिराभोवतीच झाला.

कनिष्ठ न्यायालयाने दावा फेटाळला. धर्मविषयक बाबी म्हणजे श्रद्धा आणि तत्त्वे. विधी, उपचार आणि दारातून कोण आत येतो हे त्यात बसत नाही, असा त्याच्या विचाराचा रोख होता. सुधारणेच्या बाजूच्या माणसाला हा विचार सोपा आणि आकर्षक वाटतो, मलाही पूर्वी वाटत असे. पण तो टिकणारा नव्हता. १९५४ साली उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात, म्हणजे योगायोगाने त्याच जिल्ह्यातल्या एका मठाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की धर्म म्हणजे केवळ मते नव्हेत, पूजाविधी आणि आचार हेही धर्माचेच अंग असू शकतात. हिंदू धर्माच्या बाबतीत तर हे उघडच आहे. ज्या परंपरेत सोवळे, नैवेद्य, अभिषेक आणि आरतीची वेळ यांना इतके महत्त्व आहे, तेथे ‘श्रद्धा तेवढी धर्म, बाकी सगळा व्यवहार’ ही विभागणी बाहेरून आणून चिकटवल्यासारखी होते.

विश्वस्तांचा धार्मिक युक्तिवाद आगमांवर आधारलेला होता, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय निकालाचे मोल कळत नाही. मंदिराचे बांधकाम, मूर्तीची प्रतिष्ठा आणि नित्यपूजा यांचे नियम आगमग्रंथ देतात. त्यांच्या दृष्टीने दगडाची मूर्ती आपोआप देव होत नाही. विधीपूर्वक प्रतिष्ठा केल्याने देवाचे सान्निध्य तेथे येते आणि ठरलेले उपचार ठरल्याप्रमाणे होत राहिले तरच ते टिकते. गर्भगृहात अर्चकाखेरीज कोणी जायचे नाही, त्यापुढच्या भागांत कोणी कुठवर यायचे हेही ठरलेले असते, आणि ही मर्यादा मोडली तर मूर्तीला दोष लागतो व शुद्धीचे संस्कार करावे लागतात. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या व्यवस्थेत ब्राह्मण असूनही अर्चक नसलेला माणूस गर्भगृहाच्या उंबऱ्याबाहेरच राहतो. म्हणजे हा नियम केवळ कोणाला दूर ठेवण्यासाठी नंतर रचलेला बहाणा आहे असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पूजेची एक संपूर्ण कल्पना त्याच्या मागे आहे.

या कल्पनेला तितकेच धार्मिक उत्तर महाराष्ट्राला ठाऊक आहे. पंढरपुरात चोखामेळ्याची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर आहे. ज्या विठ्ठलाच्या भेटीसाठी चोखोबा आयुष्यभर तळमळले, त्याच्या दारातच त्यांची जागा राहिली. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात आगम नव्हते. भक्ताच्या स्पर्शाने देव बाटत नाही, उलट भक्त दाराबाहेर राहिला तर देवच उपाशी राहतो, ही वारकरी परंपरेतून आलेली जाणीव होती. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या पंडितांनी धर्मशास्त्राच्या आधारेच अस्पृश्यतेविरुद्ध मांडणी केली, हेही विसरता येत नाही. परंतु या दोन धारणांपैकी खरा हिंदू धर्म कोणता, हे ठरवण्याचे काम न्यायाधीशावर टाकायचे का? माझ्या मते ते टाकू नये, आणि मुल्कीच्या निकालाचे मोठेपण असे की त्याने ते स्वतःवर घेतले नाही.

पीठाच्या वतीने निकाल लिहिला न्या. टी. एल. वेंकटराम अय्यर यांनी. त्यांनी आगमांची चर्चा सविस्तर केली, कामुदीसारखे जुने निकाल पाहिले आणि निष्कर्ष काढला की मंदिरात कोणी प्रवेश करावा, कोठे उभे राहावे, पूजा कशी चालावी हे सारे धर्मविषयक बाबींमध्येच मोडते. मुल्कीचे मंदिर गौड सारस्वतांच्या संप्रदायाचे आहे हेही मान्य केले. इथवर वाचणाऱ्याला विश्वस्त जिंकले असेच वाटावे. अनुच्छेद २६ चा हक्क त्यांना आहे, आणि प्रवेशाचा प्रश्न त्या हक्काच्या कक्षेत येतो, या दोन्ही पायऱ्या त्यांच्या बाजूने चढून झाल्या होत्या.

मग उरला अनुच्छेद २५ चा दुसरा खंड. त्याच्या उपखंड (ख) मध्ये म्हटले आहे की सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना व गटांना खुल्या करणारा कायदा राज्याला करता येईल. विश्वस्तांच्या वकिलांनी येथे घटनेच्या शब्दांकडे बोट दाखवले, आणि तो युक्तिवाद हलका नव्हता. अनुच्छेद २५ ची सुरुवातच मुळी ‘या भागातील इतर तरतुदींच्या अधीन’ अशी होते. अनुच्छेद २६ मध्ये ते शब्द नाहीत. तेथे केवळ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य एवढ्याच मर्यादा आहेत. म्हणजे २५ हा २६ च्या खाली आहे आणि २६ कोणाच्याही खाली नाही. शिवाय, ‘सार्वजनिक स्वरूपाच्या संस्था’ म्हणजे सर्व हिंदूंसाठी असलेली मंदिरे, एका संप्रदायाची मंदिरे त्यात येत नाहीत, असेही ते म्हणाले.

दुसरा मुद्दा न्यायालयाने शब्दांच्याच आधारे नाकारला. ‘सार्वजनिक’ या शब्दात संप्रदायाचे मंदिर वगळणारे काही नाही, आणि सर्व हिंदूंना आधीच खुली असलेली मंदिरे पुन्हा खुली करण्यासाठी अशी तरतूद कशाला लागेल? पहिल्या मुद्द्याला दिलेले उत्तर अधिक खोल आहे. दोन तरतुदी समोरासमोर आल्या तर दोघींनाही काही अर्थ उरेल असा मार्ग काढायचा, हे सूत्र न्यायालयाने धरले आणि दोन्ही बाजूंनी तोलून पाहिले. अनुच्छेद २६ पूर्णपणे वरचढ मानला, तर संप्रदायांच्या मंदिरांपुरती २५(२)(ख) ही तरतूद मृतवत होते. तिला काही कामच उरत नाही. याउलट २५(२)(ख) वरचढ मानली, तर संप्रदायाच्या हातून एकच गोष्ट जाते, ती म्हणजे इतर हिंदूंना सरसकट बाहेर ठेवण्याचा अधिकार. पूजेची पद्धत, अर्चकांची नेमणूक, उत्सवांचे विधी, सोवळ्याचे नियम हे सारे संप्रदायाकडेच राहते. एका अर्थाने घटनेचे एक वाक्य पुसले जाते, दुसऱ्या अर्थाने दोन्ही वाक्ये जिवंत राहतात. म्हणून अनुच्छेद २६(ख) हा २५(२)(ख) च्या अधीन वाचायचा, असा निर्णय झाला आणि मुल्कीचे दार कायद्याने उघडले.

ही मांडणी मला इतकी मोलाची का वाटते, हे दुसऱ्या एका प्रकरणाशी ताडून पाहिले की स्पष्ट होते. अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथाच्या लोकांनी १९४८ साली, मुंबई प्रांताच्या मंदिरप्रवेश कायद्याविरुद्ध दावा लावला होता. आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून कायदा आम्हाला लागू नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १९६६ मध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी तो दावा फेटाळला. हिंदू कोणाला म्हणावे याची दीर्घ चर्चा त्यांनी केली, त्यात लोकमान्य टिळकांची हिंदू धर्माची व्याख्या आधाराला घेतली, आणि शेवटी असेही म्हटले की दावा करणाऱ्यांची भीती अंधश्रद्धेतून, अज्ञानातून आणि हिंदू धर्माच्या खऱ्या शिकवणीविषयीच्या गैरसमजातून आलेली आहे. निकाल न्याय्यच होता. पण धर्माची खरी शिकवण कोणती हे न्यायालय सांगू लागले, की उद्या दुसरा न्यायाधीश तिचा दुसरा अर्थ लावू शकतो, आणि ज्याच्या हक्काचे रक्षण करायचे तो माणूस एका पंडिताच्या मतावर अवलंबून राहतो. मुल्कीच्या निकालात ही जोखीम नाही. तो विश्वस्तांना सांगतो की तुमचे शास्त्र तुम्ही म्हणता तसेच असेल, तरीही या देशाच्या घटनेने हे दार उघडण्याचा अधिकार कायद्याला दिला आहे.

निकालाला मात्र एक तिसरा टप्पा आहे, आणि तेथे मी न्यायालयाशी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने विश्वस्तांना अंशतः दिलासा दिला होता : काही ठरावीक धार्मिक विधींच्या वेळी गौड सारस्वतांखेरीज इतरांना बाहेर ठेवता येईल. सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत कायम ठेवली. त्यामागची कसोटी अशी की संप्रदाय सरसकट बंदी मागत नसून काही विधींपुरतीच मागत असेल, तर लोकांकडे उरणारा दर्शनाचा हक्क भरीव आहे की केवळ टरफल आहे, हे पाहायचे. मुल्कीत इतर सर्व वेळी मंदिर सर्वांना खुले राहणार असल्याने उरलेला हक्क भरीव ठरला. मंदिर रात्रंदिवस उघडे ठेवा असे कोणी मागू शकत नाही, किंवा अर्चकाने करायची पूजा मी स्वतः करीन असेही कोणी म्हणू शकत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे समजण्यासारखे आहे. ती बंधने जन्माकडे न पाहता सगळ्यांना सारखी लागतात. पण विशेष विधीच्या वेळची बंदी तशी नाही. कल्पना करा, एरवीच्या सकाळी एक कोळी बाई रांगेतून जाऊन देवासमोर हात जोडते आणि तिला कोणी अडवत नाही. विधीच्या दिवशी मात्र त्याच दारात तिला थांबवले जाते, आणि ते थांबवणे तिच्या जातीवरूनच असते. वर्षातले बहुतेक दिवस मोजले तर तिचा हक्क भरीव आहे. परंतु देवळात आपली जागा कोणती, हे माणसाला त्या दिवशीच कळते.

या निकालात अनुच्छेद १७, म्हणजे अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद, निर्णयाचा आधार झाला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मुल्कीच्या विश्वस्तांचा दावा केवळ दलितांना वगळण्याचा नव्हता. गौड सारस्वत नसलेल्या प्रत्येकाला, इतर ब्राह्मणांनाही, बाहेर ठेवण्याचा अधिकार ते मागत होते. त्यामुळे हा वाद अस्पृश्यतेचा न राहता संप्रदायाच्या हद्दीचा झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३३ सालीच याच्याजवळ जाणारी शंका मांडली होती. केंद्रीय विधिमंडळात आलेल्या मंदिरप्रवेश विधेयकाला पाठिंबा न देताना त्यांनी दाखवून दिले होते की ते विधेयक अस्पृश्यतेला पाप म्हणत नाही आणि दार उघडणे सवर्णांच्या बहुमतावर सोडते. काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालवणाऱ्या माणसाचे हे म्हणणे होते, म्हणून त्याचे वजन अधिक. प्रवेश ही एक गोष्ट, आणि वगळण्यामागच्या कल्पनेला कायद्याने दोष म्हणणे ही वेगळी गोष्ट, हा फरक त्यांनी आधीच पाहिला होता.

संप्रदायाची ही हद्द फौजदारी कायद्यातही शिरली होती. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने मंदिरप्रवेशास अडथळा करणे गुन्हा ठरवले, पण त्याच्या कलम ३ मध्ये अट अशी होती की ते मंदिर त्याच धर्माच्या ‘किंवा त्याच धार्मिक संप्रदायाच्या’ इतर व्यक्तींना खुले असले पाहिजे. एखाद्या मंदिराने ‘आम्ही आमच्या संप्रदायाबाहेरच्या कोणालाच घेत नाही’ असे म्हटले, तर दारात अडवलेल्या दलिताला, तो त्या संप्रदायाचा नसल्यामुळे, या कलमाचा आधार मिळणे अवघड होते. मुल्कीच्या निकालाने दिवाणी बाजूने जे दार उघडले, त्याच्या शेजारी फौजदारी बाजूला ही फट राहून गेली. १९७६ साली हा कायदा दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने अंमलात आला, तेव्हा संप्रदायाचा तो उल्लेख कलम ३ मधून काढून टाकण्यात आला.